काहिलीतला पाक आणि चोवीस टक्के: भाजलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेचं एक प्रकरण

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षी शल्य वॉर्डात असताना मला भाजलेल्या रुग्णाची केस स्टडी लिहायची होती. नमुन्यात तीन रकाने होते: द्रवाची गरज, जखमेची काळजी, मानसिक आधार. मी पहिल्याच दिवशी तिन्ही रकाने वेगवेगळ्या पानांवर घेतले आणि तिथंच चुकले. कशी चुकले ते पुढं येईलच. रुग्णाची ओळख लागू नये म्हणून नाव-गाव लिहिलेलं नाही.

रुग्ण चौतीस वर्षांचा, वजन ५५ किलो, खानापूर तालुक्यातला. ऊस सुरू झाला की संकेश्वरच्या बाजूला गुऱ्हाळावर कामाला जायचा. डिसेंबरातली पहाट, साधारण साडेचारची वेळ. पाक तयार झाल्यावर गुळव्यानं खूण केली आणि चौघं मिळून काहिल चुलवाणावरून उतरवू लागले. याचा पाय ओल्या चिपाडावर घसरला, काहिल कलंडली आणि पाक दोन्ही पायांवर आला. सावरायला म्हणून पुढं केलेला उजवा हातही भाजला.

उकळत्या पाण्यानं भाजणं आणि पाकानं भाजणं यांत मोठा फरक आहे. पाणी शंभर अंशांवर उकळतं आणि अंगावरून वाहून जातं. गुळाचा पाक उतरवायच्या वेळी त्याहून पंधरा-वीस अंश जास्त तापलेला असतो आणि वाहून न जाता चिकटतो. पँटचं कापड, चपलेचा पट्टा, बोटांमधल्या फटी, जिथं तो अडकतो तिथं तो थंड होईपर्यंत कातडी शिजत राहते. पण साखर पाण्यात विरघळते, ही त्यातली एक चांगली बाजू. म्हणजे पाकानं भाजलेल्या माणसावर वाहतं पाणी दोन कामं करतं, जखम थंड करतं आणि चिकटलेला थरही सोडवतं. गुऱ्हाळावर पाण्याची टाकी असतेच. यालाही दोन-तीन तांबे ओतले, पण पाण्यानं फोड येतात असं कुणीतरी म्हटलं आणि पाणी थांबवून टूथपेस्ट लावली. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी लागलं असतं तर पोटऱ्या किती वाचल्या असत्या, हे आता सांगता येणार नाही. टूथपेस्टमुळं मात्र आमचं काम वाढलं. पांढऱ्या थराखाली कातडी गुलाबी आहे की पांढरट, हे धुतल्याशिवाय कळेना.

जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावून १०८ च्या गाडीनं त्याला बेळगावात आणलं. वॉर्डात आला तेव्हा साडेसात वाजले होते. कपडे ओले, अंग गार, ताप मोजला तर ३५.४. जखम थंड करायची पण माणूस गार पडू द्यायचा नाही, हे पुस्तकात एका ओळीत असतं. प्रत्यक्षात आम्ही आधी ओले कपडे कात्रीनं कापून काढले. घोट्यावरचा काळा दोरा आणि बोटातली अंगठी काढली, कारण सूज चढल्यावर तीच आवळतात. मग अंगावर कोरडं पांघरूण घातलं. आवाज स्वच्छ होता, नाकातले केस जळलेले नव्हते, थुंकीत काजळी नव्हती. भाजणं उघड्यावर, तेही पाकानं, म्हणून श्वासमार्ग भाजल्याची शंका नव्हती. तरी ते पाहूनच पुढं जायचं.

द्रवाचा हिशेब, आणि माझ्या तीन चुका

भाजलेल्या भागाची टक्केवारी मी नऊच्या नियमानं काढली. त्यात एक पाय अठरा, एक हात नऊ, धडाची पुढची बाजू अठरा. विखुरलेल्या डागांसाठी रुग्णाचाच पंजा, बोटांसकट, अंदाजे एक टक्का. माझी बेरीज तीस आली. रजिस्ट्रार डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि चोवीस लिहिलं. पोटावर आणि डाव्या मांडीवर शिंतोडे उडून कातडी नुसती लाल झाली होती, फोड नव्हता. तो लालसरपणा मी मोजला होता. पहिल्या अंशाचं भाजणं द्रवाच्या हिशेबात धरत नाहीत, कारण तिथून पाणी झिरपून जात नाही. त्यांची चोवीसची विभागणी अशी होती: उजव्या मांडीची पुढची बाजू, सगळी पोटरी आणि पाऊल मिळून चौदा, डाव्या पायाची गुडघ्याखालची पुढची बाजू आणि पाऊल पाच, उजव्या हाताचा कोपराखालचा भाग पाच.

किती सलाईन द्यायचं ते सांगणारं पार्कलंड सूत्र आमच्यात सगळ्यांना पाठ असतं:

४ मिली × वजन (किलो) × भाजलेले टक्के
४ × ५५ × २४ = ५२८० मिली

एवढं रिंगर लॅक्टेट हे सलाईन चोवीस तासांत द्यायचं. निम्मं, म्हणजे २६४० मिली, पहिल्या आठ तासांत आणि उरलेलं पुढच्या सोळा तासांत. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, रुग्ण वॉर्डात आल्यापासून नव्हे. पाक सांडला साडेचारला, म्हणजे आठ तास साडेबाराला संपतात. वॉर्डात आला तेव्हा पाचच तास उरले होते आणि वाटेत ५०० मिली गेलं होतं. २६४० मधून ५०० वजा केले की २१४० उरतात, ते पाच तासांत वाटले की ताशी ४२८ मिली. मिलीला वीस थेंबांच्या सेटनं हे मिनिटाला एकशे त्रेचाळीस थेंब होतात. एका नळीत एवढे थेंब डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून न भाजलेल्या डाव्या हातात दोन जाड कॅन्युला घालून प्रत्येकीत सत्तर-बहात्तर थेंब ठेवले. सेट वीस थेंबांचा आहे की पंधराचा हे पाकिटावर वाचायचं. ते न वाचल्यानंही गोंधळ होतो.

आता माझी वही. मी तीस टक्के धरून ६६०० काढले, त्याचं निम्मं ३३००, त्यातून वाटेतले ५०० वजाच केले नाहीत, आणि वॉर्डात आल्यापासून आठ तास मोजून ताशी ४१२ मिली लिहिले. खरं उत्तर ४२८. जवळजवळ तेवढंच! तीन चुका एकमेकींच्या आड लपल्या होत्या, आणि नुसतं उत्तर तपासणाऱ्याला काहीच खटकलं नसतं. दुपारनंतर मात्र त्या उघड्या पडल्या असत्या. माझ्या हिशेबानं जास्तीची धार साडेबाराला न थांबता साडेतीनपर्यंत चालली असती, आणि पुढचे सोळा तास ताशी १६५ ऐवजी २०६ मिली गेले असते. ते जास्तीचं पाणी भाजलेल्या पायातच साठलं असतं, आणि या रुग्णाच्या पायाला ते झेपणारं नव्हतं.

सूत्रानं सुरुवात करायची, पुढचं लघवी सांगते. प्रौढाला ताशी किलोमागे अर्धा मिली पुरेशी, म्हणजे याला तीस ते पन्नास मिली. कॅथेटर घातल्याबरोबर जवळपास दोनशे मिली आली तेव्हा मला हायसं वाटलं. इन्चार्ज सिस्टरांनी ती तक्त्यात धरू दिली नाही. ती रात्रीची साठलेली लघवी, आत्ताच्या मूत्रपिंडाबद्दल ती काहीच सांगत नाही. तिथून पुढं दर तासाला मोजलं तर पहिल्या तासाला १५, दुसऱ्याला १८, रंग कडक चहासारखा. आधी नळी कुठं मुडपली नाही ना हे पाहिलं. मग डॉक्टरांना सांगून धार साधारण पाचव्या भागानं वाढवली. तिसऱ्या तासाला ३४, चौथ्याला ५२, पाचव्याला ७०. सत्तर पाहून माझ्या बरोबरीची मुलगी म्हणाली, "छान, किडनी चालू झाली." पण सत्तर म्हणजे गरजेपेक्षा जास्त जातंय. डॉक्टरांना दाखवून धार कमी केली. कमी लघवीला सगळे घाबरतात, जास्त लघवीकडं कुणी बघत नाही, आणि भाजलेल्या रुग्णाला जादा पाणी बहुधा असंच चढतं.

पाय घट्ट होत गेला

उजवी पोटरी चारी बाजूंनी भाजली होती. धुतल्यावर दिसली ती कोरडी, पांढरट, चामड्यासारखी, दाबून रंग न बदलणारी. मांडीवर मात्र फोड, गुलाबी ओली कातडी, बोट लावलं तरी तो कळवळायचा. दुखण्यासाठी आम्ही शून्य ते दहाची पट्टी वापरतो. त्याला विचारलं तर म्हणे, "दहा म्हंजे काय, अक्का?" मग मी त्याच्याच शब्दांनी विचारलं. मांडीला "चरचर चरचर करतंय", हाताला "आग आग", आणि पोटरीला "तिथं काय बी कळंना". मला वाटतं हे तीन शब्द त्या पट्टीपेक्षा जास्त सांगून गेले. चरचरतं तिथं कातडीतल्या नसा शाबूत आहेत, कळत नाही तिथं त्या गेल्या आहेत. घरच्यांना मात्र उलट वाटतं, दुखत नाही म्हणजे बरं आहे.

शिजलेली कातडी ताणत नाही. आत सलाईन जातंय, सूज चढतेय, बाहेरचं वेष्टण मात्र कडक. म्हणून पाय लांबीनं उशीवर उंच ठेवून दर तासाला बोटांची ऊब, नखावर दाबून रंग परतायला लागणारा वेळ, बोट हळूच वर ओढल्यावर पोटरीत कळ येते का, एवढं पाहत होतो. पायाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटरही लावला होता. नाडी हाताला लागतेय म्हणून निश्चिंत राहायचं नाही, ती सगळ्यात शेवटी जाते. दुपारी दीडच्या सुमारास बोटं गार पडली, ऑक्सिमीटरवरची रेघ सपाट होऊ लागली, आणि पाऊल बधिर झाल्याचं तो म्हणाला. सर्जन आले आणि पोटरीच्या दोन्ही बाजूंनी मेलेली कातडी उभी चिरून खालची चरबी दिसेपर्यंत मोकळी केली. चीर आपोआप फाकली आणि काही मिनिटांत बोटं कोमट लागू लागली.

पण चिरा देण्याआधी अर्धा तास वेगळ्याच गोष्टीत गेला. संमतीचा कागद कन्नडमध्ये होता, समजावणारे डॉक्टर कन्नड बोलत होते, आणि मध्ये दुभाष्या झालेला वॉर्डबॉय बायकोला म्हणाला, "पाय कापायचा हाय." ती मटकन खाली बसली. रुग्णानं ऐकलं आणि सही करणार नाही म्हणून तोंड फिरवलं. यात कुणाचीच वाईट भावना नव्हती, शब्द चुकला होता. मी त्याच्या उशाशी बसून म्हटलं, "दादा, पाय कापत नाहीत. वरची कातडी शिजून आखडलीय, पायाला रक्त जाईना. शिवण उसवतो तशी ती उसवणार. पाय हाय तसाच राहणार." त्यानं विचारलं, "अंगठा हलंल न्हवं?" खोटं आश्वासन द्यायला जीभ वळवळत होती. "उसवलं तर हलायची आशा आहे, नाही उसवलं तर जाईल," एवढंच म्हणाले. त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. मानसिक आधाराच्या रकान्यात मी पुढं बरंच लिहिलं, पण त्या रकान्यातलं सगळ्यात तातडीचं काम हेच होतं आणि ते जखमेच्या वेळापत्रकातच करावं लागलं.

ड्रेसिंग

रोजच्या ड्रेसिंगआधी शिरेतून मॉर्फिनचा लहान डोस, मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मगच पट्टी सोडायची. सुरुवातीच्या दिवसांत स्नायूत इंजेक्शन देत नाहीत. सुजलेल्या, गार अंगात ते तिथंच पडून राहतं, आणि रक्ताभिसरण सुधारलं की दोन-तीन डोस एकदम चढतात.

मांडीवर स्वच्छ करून कोलॅजनचा पातळ पडदा बसवला. तो चिकटला की रोज सोडायची गरज नाही आणि चरचर त्याच दिवशी कमी होते. पोटरी, पाऊल आणि हाताला एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, आधी सल्फाची ॲलर्जी विचारूनच. बोटं एकत्र गुंडाळायची नाहीत, प्रत्येक बोटाच्या मध्ये जाळीची पट्टी. मनगट किंचित मागं, बोटांची मुळं दुमडलेली, घोटा काटकोनात फळीवर. माणसाला आरामाची वाटते तीच अवस्था सांधा आखडवते. गुडघ्याखाली उशी द्या म्हणून तो रोज विनवायचा आणि आम्ही रोज नाही म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर जखमेवर पिवळट, बुळबुळीत साय. मी पू समजून घाईघाईनं नोंद केली. तो पू नव्हता. मलम आणि जखमेचा स्राव मिळून असा थर बनतो, सलाईननं हळू पुसला की निघतो आणि खाली जखम स्वच्छ असते. संसर्गाची लक्षणं निराळी असतात: वास बदलणं, हिरवट डाग, काठाची लाली पुढं सरकणं, कालची गुलाबी जागा आज काळपट दिसणं, चरचरीच्या जागी ठणका लागणं. नुसत्या तापावर भरवसा ठेवता येत नाही, मोठ्या भाजण्यात शरीर एरवीही ३८ च्या आसपास तापलेलं असतं.

सहाव्या दिवशी पोटरी आणि पावलावरची मेलेली कातडी तासून काढली आणि डाव्या मांडीची पातळ कातडी तिथं लावली. एक गोष्ट आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवली होती: लावलेल्या जागेपेक्षा काढलेली जागा जास्त दुखेल. हे आधी सांगितलं नाही तर चांगल्या मांडीलाही काहीतरी बिघडलं असं रुग्णाला वाटतं.

गूळ, बुडबुडे आणि कोरडी बाटली

चौथ्या दिवशी कॅथेटर काढला. त्यानंतरच्या चोवीस तासांत लघवी जेमतेम सहाशे मिली. मी पुन्हा पार्कलंड उघडलं, पण पार्कलंडचा काळ संपला होता. कातडी नसलेल्या जागेतून मात्र पाण्याची वाफ होतच असते. याच्या अंगाच्या मानानं हिशेब ताशी पंचाहत्तर-ऐंशी मिलीच्या घरात जातो, म्हणजे दिवसाला दोन लिटरला थोडं कमी. ते तोंडानं भरून निघायला हवं होतं. उशाशी पाण्याची बाटली भरलेली, तक्त्यात "तोंडाने पाणी सुरू" असं लिहिलेलं, आणि बाटली संध्याकाळीही तेवढीच भरलेली.

बायकोनं कुजबुजत सांगितलं तेव्हा उलगडा झाला. लघवीचं भांडं मागायला त्याला लाज वाटत होती. वॉर्डात सगळ्या आम्ही मुली, बायको रात्री बाहेर झोपायची, म्हणून त्यानं पाणीच सोडलं होतं. उपाय साधा होता. भांडं झाकून हाताशी ठेवलं, रात्रपाळीच्या ब्रदरना सांगून ठेवलं, पडदा ओढायची सवय लावली. साध्या पाण्याबरोबर ताक आणि ओआरएस ठरवून दिलं. दुसऱ्या दिवशी लघवी दीड लिटरच्या वर गेली. द्रवाच्या रकान्यातली तूट लाजेची होती, आणि ती मला रकाने वेगळे ठेवल्यामुळं दिसली नाही.

आहाराचंही तसंच. भाजलेल्या शरीराला प्रथिनं भरपूर लागतात, किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे याला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास. आमच्याकडं त्यासाठीचा ठरलेला, स्वस्त, चांगला पदार्थ म्हणजे शेंगदाणा-गुळाचा लाडू. तक्त्यावर "आहार नाकारला" असं सलग दोन दिवस लिहिलं गेलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतः लाडू पुढं केला आणि त्यानं ताटलीच ढकलून ओकारी काढली. "वास येतोय, अक्का. पाकाचा." मग लाडू बंद. अंडी, दूध, घट्ट डाळ आणि भाजलेले दाणे नुसते. दोन दिवसांत ताट रिकामं येऊ लागलं.

झोपेचं कोडं सुटायला आणखी वेळ लागला. रात्री दोन-तीनदा दचकून उठायचा, घामेघूम व्हायचा. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना ऑक्सिजन लागला होता आणि भिंतीवरच्या बाटलीत पाणी रात्रभर बुडबुडत होतं. डोळे मिटले की तो आवाज काहिलीचा व्हायचा. खाट खिडकीकडं हलवली. मानसोपचार विभागाचं मत मागवलं. ही लक्षणं महिन्यानंतरही टिकली तर वेगळे उपचार लागतील, असं त्यांनी नोंदवलं. दिवसा मी त्याच्याशी बोलताना "काय झालं ते सांगा" असं खोदून विचारलं नाही. त्यानं सांगितलं तेव्हा ऐकलं. तो घसरण्याबद्दल नाही, उचलीबद्दल बोलला. हंगामाच्या सुरुवातीला घेतलेली उचल फिटलेली नव्हती, आणि उजवा हात पट्टीत. धीर देऊन ही काळजी हटणारी नव्हती. कामावरचा अपघात म्हणून पोलिसांना कळवलेलं होतंच. नुकसानभरपाईच्या कायद्याखाली काही मिळू शकतं का ते वैद्यकीय समाजसेविकांनी पाहायला घेतलं. मी कागद कुठं आहेत तेवढं त्याला सांगत राहिले, रकमेबद्दल शब्दही काढला नाही.

अकराव्या दिवशी लावलेल्या कातडीची पट्टी दुसऱ्यांदा सोडली. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा बोटभर तुकडा सोडून सगळी धरली होती. त्यानं मान उचलून पाय पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि अंगठा हलवून दाखवला. बाविसाव्या दिवशी कुबडीवर घरी गेला. दाबाचे मोजे, खोबरेल तेलाचं मालीश, उन्हापासून जपणूक, बोटांचे व्यायाम हे सगळं बायकोला मराठीत लिहून दिलं. कागद घडी घालताना तिनं विचारलं, चहात साखर चालंल का, गुळाचा तर आता घरात कुणीच करत नाही.